पाळीच्या आधी वाढणारं वजन, सूज आणि खाण्याची तलफ : काय नेहमीचं, काय नाही

आमच्या स्टाफरूममध्ये नवा वजनकाटा आला आणि दोन महिन्यांत त्याने तीन-चार जणींची झोप उडवली. कुणी म्हणे, "आपा, परवा ६१ होते, आज ६२.५ दाखवतंय, काटाच खराब आहे." कुणी दुसऱ्या दिवसापासून भात बंद केला. एकीने कुणाच्या तरी सांगण्यावरून वजन उतरवायची पावडर मागवली. काटा ठीक होता. चुकत होतं ते हे, की वजन बघताना पाळीची तारीख कुणीच बघत नव्हतं.

पाळी, माहवारी, हैज, घरात जो शब्द वापरत असाल तो वापरा. त्या पाच-सात दिवसांचा हिशेब आपण बायका ठेवतो, कारण नमाज-रोजा त्यावर ठरतो. पण उरलेल्या एकवीस-बावीस दिवसांत शरीरात काय चालतं, याचा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही. वजन, सूज आणि भूक यांचं कोडं त्या उरलेल्या दिवसांतच सुटतं.

महिन्याचे दोन भाग

पाळीचा पहिला दिवस म्हणजे चक्राचा पहिला दिवस. ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू होतो तो दिवस धरायचा. तिथून पुढची पाळी येईपर्यंत साधारण २४ ते ३८ दिवस लागले तर मोठ्या बाईच्या बाबतीत ते नेहमीचं समजतात. सोयीसाठी आपण २८ दिवसांचं चक्र धरू.

पहिल्या भागात अंडाशयात बीज तयार होतं आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास ते बाहेर पडतं. मग दुसरा भाग सुरू होतो, तो साधारण दोन आठवड्यांचा. या भागात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. बीज बाहेर पडल्यावर सुमारे आठवडाभराने ते सर्वांत जास्त असतं. गर्भ राहिला नाही तर ते झपाट्याने खाली येतं आणि पाळी सुरू होते.

प्रोजेस्टेरॉनची तीन कामं इथे महत्त्वाची आहेत. एक, शरीराचं तापमान थोडं वाढतं, अर्धा अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर. दोन, आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून पोट गच्च वाटतं, शौचाला साफ होत नाही. तीन, मीठ आणि पाणी सांभाळणाऱ्या संप्रेरकांचा तोल हलतो आणि शरीर नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी धरून ठेवतं. सलवारचा नाडा घट्ट वाटणं, बोटातली अंगठी न निघणं, छाती जड होणं, संध्याकाळी चपलेचा वळ पायावर उमटणं, हे सगळं यातून येतं.

सूज सर्वांत जास्त कधी जाणवते? बहुतेकींना वाटतं पाळीच्या चार दिवस आधी. पण ज्या बायकांनी रोज नोंद ठेवली, त्यांच्या नोंदींत सूज आधीच्या आठवड्यात चढत जाते आणि पाळीच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते. मग तीन-चार दिवसांत लघवीवाटे ते पाणी निघून जातं. म्हणजे पाळी सुरू झाली तरी पोट हलकं झालं नाही म्हणून पहिल्याच दिवशी घाबरायचं कारण नाही.

पाणी किती, चरबी किती

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ बायकांचं वजन चक्रभर मोजलं. पाळीच्या दिवसांत वजन सरासरी अर्धा किलोच्या जवळपास जास्त आढळलं आणि ती वाढ जवळजवळ सगळी पाण्याची होती. ही सरासरी झाली. एखादीचं वजन अजिबात हलत नाही, एखादीचं किलो-दीड किलो हलतं.

हे चरबीचं वजन नाही, हे साध्या हिशेबाने कळतं. एक किलो चरबी साठायची तर खर्चापेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. दोन दिवसांत एवढं जास्तीचं खाणं लग्नाच्या दावतीतही जमत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांत काटा किलोभर वर गेला तर ते पाणी, मीठ आणि पोटातलं न निघालेलं अन्न असतं.

मिठाचा हिशेबही बघा. शरीरातल्या एक लिटर द्रवात साधारण ९ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे रोजच्या खाण्यापेक्षा साडेचार ग्रॅम मीठ जास्त पोटात गेलं, तर ते बाहेर पडेपर्यंत अर्धा लिटर पाणी सोबत धरलं जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरे म्हणते. आपल्याकडे पापड, लोणचं, फरसाण, कोकणातलं सुकट-बोंबील, पाकिटातले वेफर्स आणि बेकरीची खारी यांतून तो चमचा जेवणाआधीच भरलेला असतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात शरीर पाणी धरायला तयारच बसलेलं असतं, त्यात हे मीठ आलं की काटा उडी मारतो.

एका सहकारी बाईंची वही

माझ्या एका सहकारी बाईंना मी म्हटलं, पावडर सोडा, दोन महिने वही ठेवा. वय ३६, दोन मुलं, चक्र २८ दिवसांचं. रोज सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन करायचं आणि समोर चक्राचा दिवस लिहायचा, तारखेबरोबर. शेजारी दोन शब्दांत लिहायचं, काय खावंसं वाटलं.

पहिल्या महिन्याचे आकडे असे आले. पाळीचा पहिला दिवस ६२.४. चौथा दिवस ६१.६. सातवा ६१.२. दहावा ६१.१. अठरावा ६१.२. एकविसावा ६१.५. चोविसावा ६१.९. पंचविसाव्या दिवशी एका लग्नाची दावत होती, बिर्याणी, पापड, लोणचं, थंड पेय. सव्विसावा ६२.५. पुढच्या पाळीचा पहिला दिवस ६२.६. आणि सातवा दिवस ६१.३.

आता गंमत बघा. बाविसाव्या दिवशी बाईंनी चपाती-भात कमी केला होता. चार दिवसांनी वजन किलोभर वाढलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "आपा, कमी खाल्लं तरी वाढतंय, माझं शरीरच असलं." त्यांनी तिथेच सोडून दिलं. हाच माणूस पाळीच्या पहिल्या दिवशी पावडर सुरू करता, तर सातव्या दिवशी १.३ किलो कमी दिसलं असतं आणि सगळं श्रेय पावडरला गेलं असतं. "सात दिवसांत फरक" असं सांगून विकल्या जाणाऱ्या वस्तू अशाच खपतात. खरा हिशेब सातव्या दिवसाची तुलना सातव्या दिवसाशी करून येतो : ६१.२ आणि ६१.३. म्हणजे महिन्यात ना वजन वाढलं, ना उतरलं.

दुसऱ्या महिन्यात बाईंनी रोज असरनंतर चालणं धरलं आणि रात्रीचं फरसाण सोडलं. त्यापुढच्या सातव्या दिवशी वजन ६०.७ आलं. सहाशे ग्रॅम, छोटा आकडा, पण खरा.

रमजानमध्ये हीच चूक पुष्कळ घरांत होते. पाळी संपल्यावर लगेच वजन केलं, मग थेट ईदच्या आधी केलं आणि तेव्हा पुढची पाळी दोन दिवसांवर आलेली असेल, तर वजन वाढलंच दिसणार. त्यात इफ्तारचे भजी-समोसे मीठ वाढवतात. रोज्यांमुळे वजनात काय फरक पडला हे बघायचं असेल तर चक्राचा तोच दिवस गाठून बघा.

गोड-खारट का खावंसं वाटतं

दुसऱ्या भागात भूक खरंच थोडी वाढते. शरीर किंचित जास्त ऊर्जा खर्च करतं आणि बायका सरासरी दिवसाला शंभर ते दोनशे-तीनशे कॅलरी जास्त खातात, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे एक-दोन चपात्यांइतकं. तेवढी भूक लागली तर खा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण विशिष्ट पदार्थाचीच तलफ येते, ती सगळी संप्रेरकांची करणी नसते. अमेरिकेत पुष्कळ बायका पाळीच्या आसपास चॉकलेट मागतात. इजिप्तमध्ये विचारलं तेव्हा तिथल्या बायकांची तलफ गोडापेक्षा खारट-चमचमीत पदार्थांची निघाली. सगळा खेळ संप्रेरकांचा असता तर दोन्ही देशांत एकच पदार्थ मागितला गेला असता. घरात काय असतं, लहानपणापासून कशाने जिवाला बरं वाटलं, दिवसभर काय टाळलं, यावरही तलफ ठरते. "चॉकलेट हवंसं वाटतं म्हणजे अंगात मॅग्नेशियम कमी" असं व्हॉट्सअपवर फिरतं. तसं असतं तर भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे, पालक यांचीही तलफ आली असती, कारण मॅग्नेशियम त्यांतही भरपूर आहे.

आमच्या बाईंच्या वहीत तलफ नेमकी शाळेतून घरी आल्यावर, साडेपाचला लिहिलेली होती. कारणही वहीतच होतं : सकाळी सातला चहा-खारी, मग दोन वाजता थोडा भात. सकाळी अंडं किंवा मोड आलेले चणे आणि चपाती, चारला मूठभर शेंगदाणे किंवा दही असं केल्यावर तलफ गेली नाही, पण पाव किलो बालुशाहीवरून दोन तुकड्यांवर आली.

मधुमेह असलेल्या, खास करून इन्सुलिन घेणाऱ्या बहिणींनी इथे लक्ष द्यावं. काहींची साखर पाळीच्या आधीच्या आठवड्यात नेहमीपेक्षा वर जाते आणि पाळी सुरू झाली की खाली येते. दोन-तीन महिन्यांची साखरेची नोंद चक्राच्या दिवसासकट डॉक्टरांना दाखवा. डोस मनाने बदलू नका.

जी तलफ दुर्लक्ष करायची नाही

बाईंच्या वहीत एक गोष्ट मला खटकली. गोड आणि खारट हे शब्द वीस ते अठ्ठावीस या दिवसांतच होते. पण "बर्फ" हा शब्द महिनाभर रोज होता. विचारलं तर म्हणाल्या, "फ्रीजमधला बर्फ चघळते, आणि तांदूळ निवडताना मूठभर कच्चे खाते, सवय आहे."

बर्फ, कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीची पेन्सिल खावीशी वाटणं ही पाळीची तलफ नाही. ती पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. मी वीस वर्षं वर्गात आहे, खडू खाणाऱ्या मुली दर वर्षी दिसतात. पूर्वी मी त्यांना रागावायचे, आता आईला बोलावून रक्त तपासायला सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्ताक्षय आढळला.

बाईंचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्ताक्षय धरतात. मग डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, जो आम्ही कुणी विचारला नव्हता : रक्त जातं किती? पाळी आठ-नऊ दिवस, पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासाला पॅड, रात्री उठून बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात. बाईंना वाटायचं, अम्मीचंही असंच होतं, म्हणजे असंच असतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, साधी, कर्करोगाची नव्हे, पण रक्तस्राव वाढवणारी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांतच बर्फाची ओढ गेली. हिमोग्लोबिन भरून यायला पुढे काही महिने लागले. गाठीवरचा इलाज वेगळा चालू आहे.

लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते, चहाने लोह शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तास-दोन तास लांब ठेवा. शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती हीच, लोह आणि फॉलिक ॲसिडची. मळमळतं म्हणून मुली ती फेकून देतात. जेवणानंतर घेतली तर बऱ्याच जणींना सोसते.

सूज आणि वजन : डॉक्टरकडे कधी

पाळीच्या सुजेची ओळख एकच, ती येते आणि जाते. पाळी सुरू होऊन आठवडा झाला तरी उतरली नाही, किंवा दर महिन्याचा सातव्या दिवसाचा आकडा चढतच चालला, तर ते चक्र नव्हे. तेव्हा या गोष्टी बघा.

अंगठ्याने नडगीच्या हाडावर दहा सेकंद दाबा. खड्डा पडून तसाच राहिला, किंवा सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती-चेहऱ्यावर सूज असेल, तर लघवी, मूत्रपिंड आणि रक्तदाब तपासून घ्या. सोबत दम लागत असेल, आडवं झोपता येत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. एकाच पायाला सूज, दुखणं आणि गरमपणा असेल तरीही थांबू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

पाळी ३८-४० दिवसांच्या पुढे जाते किंवा दोन-तीन महिने येतच नाही, वजन पोटावर वाढतंय, हनुवटीवर केस येताहेत, तर पीसीओएसची तपासणी करा. वजनासोबत थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं, बद्धकोष्ठता आणि जास्त जाणारी पाळी असेल तर थायरॉईडची टीएसएच तपासणी. आणि पाळी चुकली असेल तर सर्वांत आधी गरोदरपणाची चाचणी, लग्न झालेल्या बाईने ती मनातल्या मनात वगळू नये.

पोट रोजच्या रोज फुगलेलं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं, लघवीला वारंवार, असं दोन-तीन आठवडे पाळीशी संबंध नसताना चाललं, खास करून पन्नाशीच्या पुढे, तर त्याला गॅस म्हणून सोडू नका. अंडाशयाची तपासणी लागते.

औषधंही बघा. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळी, स्टिरॉइड, रक्तदाबाची अम्लोडिपिन, यांनी सूज येऊ शकते. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनने काहींचं वजन खरंच वाढतं. गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि एक गोष्ट मनाची. पाळीच्या आधी दोन घास जास्त खाणं वेगळं, आणि लपून, थांबता न येता, पोट दुखेपर्यंत खाणं, मग ओकारी काढणं किंवा उपाशी राहणं वेगळं. तसंच दर महिन्याला त्या आठवड्यात जगणंच नको वाटत असेल, तर त्याला नाव आहे आणि इलाज आहे. घरच्यांनी "तिचे दिवस आलेत" म्हणून हसण्यावारी नेऊ नये. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

सूज कमी करायला काय करावं, काय करू नये

विसाव्या दिवसापासून पापड, लोणचं, फरसाण, सुकी मासळी बाजूला ठेवा. सालनमध्ये मीठ नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, ताटात वरून घेऊ नका. पाणी कमी पिऊ नका, पाणी तोडल्याने सूज उतरत नाही, उलट शौच घट्ट होतं. रोज अर्धा तास चाला, संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पाय उशीवर वर ठेवून पडा.

मेडिकलमधून लघवीची गोळी आणून घेऊ नका. दोन दिवस वजन उतरतं, गोळी थांबली की शरीर परत पाणी धरतं, मग पुन्हा गोळी. त्यात रक्तातलं पोटॅशियम बिघडतं, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. काही जणींना डॉक्टर अशी गोळी मोजक्या दिवसांसाठी देतात, ती गोष्ट निराळी.

वहीला दोन महिने द्या. सकाळचं वजन, चक्राचा दिवस, तलफ, सूज आणि पॅडची संख्या, एवढे पाच रकाने पुरेत. डॉक्टरांकडे जावं लागलंच तर तीच वही सोबत न्या. बाईंनी नेली होती, म्हणून रक्ताचा प्रश्न पहिल्याच भेटीत निघाला.